नखांवरील रेषा : नख हेच आरोग्याचे कॅलेंडर?

परिचयातील एका भगिनींनी डिसेंबरच्या आरंभी आपली नखे दाखवली. दहाही बोटांच्या नखांवर एकेक आडवी खाच उमटली होती. ‘आश्विनातील ओळीत नऊ दिवस आयंबील केले, त्याचाच हा परिणाम,’ असे घरच्यांनी ठरवून टाकले होते. पुढील ओळी करू नये, असा आग्रहही सुरू झाला होता.

अशा वेळी नखालाच विचारावे. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. ते तयार होते कातडीखालील नखमुळात. तेथून बाहेर दिसू लागण्यास सुमारे एक महिना लागतो. या भगिनींची खाच कातडीच्या कडेपासून सहा मिलिमीटरवर होती. म्हणजे बाहेरचे दोन महिने आणि आतला एक, असे तीन महिने. हिशेब सप्टेंबरच्या आरंभाशी येतो. ऑगस्टच्या अखेरीस त्यांना डेंग्यूचा तीव्र ताप आला होता; ओळी मात्र ऑक्टोबरमध्ये होती. गंभीर आजारात नखमुळाचे काम काही काळ मंदावते आणि त्याची खूण अशी उमटते. फ्रेंच वैद्य बो यांनी १८४६ मध्ये तिचे वर्णन केले. म्हणून तिला ‘बोची रेषा’ म्हणतात. नख वाढेल तशी ती पुढे सरकून कापली जाते. हिशेबात दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो, हे मात्र ध्यानी ठेवावे.

खाच एकाच बोटावर असेल, तर कारण बहुधा त्या बोटाची इजा असते. पांढऱ्या ठिपक्यांचेही तसेच. दारात बोट चेमटणे किंवा नखमुळाशी सतत कुरतडणे एवढेही त्यास पुरते. ते कॅल्शियमच्या अभावाचे लक्षण नव्हे. नख मुख्यतः केराटिन या प्रथिनाचे असते. बुंध्यापासून टोकाकडे जाणाऱ्या उभ्या रेषा तर वयोमानाने बहुतेकांच्या नखांवर येतात.

ठिसूळपणाचे कारण पुष्कळदा स्वयंपाकघरातच सापडते. दिवसभर भांडी-कपड्यांच्या पाण्यात नखे भिजतात, वाळतात आणि त्यांचे पापुद्रे सुटतात. हातमोजे घालावेत, रात्री तेल चोळावे. परंतु नखे मधोमध खोलगट, चमच्यासारखी झाली असतील आणि जिना चढताना धाप लागत असेल, तर लोहाची कमतरता संभवते. तेव्हा हिमोग्लोबिन व फेरिटिन तपासून घ्यावे. शाकाहारातील लोह शरीरात कमी शोषले जाते. जेवणात लिंबू असावे आणि जेवणालगतचा चहा टाळावा.

एकाच नखावर नवी काळी उभी पट्टी दिसली व ती रुंदावू लागली, तर मात्र घरगुती हिशेब न करता त्वचारोगतज्ज्ञांस विनाविलंब दाखवावे.