रोख दिले, आता परत कसे यायचे?

कार्डाने किंवा यूपीआयने पैसे भरून मागवलेली वस्तू परत केली, तर कंपनी ग्राहकाला त्याच्या खात्याविषयी काही विचारत नाही. त्या व्यवहाराचा क्रमांक कंपनीकडे असतो आणि पैसे आले त्याच वाटेने परत धाडता येतात. रोखीचे तसे नाही. दारात डिलिव्हरी बॉयच्या हातावर ठेवलेल्या पाचशेच्या नोटेवर देणाऱ्याचे नाव नसते. कंपनीला ग्राहकाचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि अंगरख्याचे मापसुद्धा ठाऊक असते. त्याचे खाते कोणत्या बँकेत आहे, एवढेच तिला माहीत नसते. म्हणून परताव्याच्या वेळी ‘बँकेचा तपशील भरा’ असा निरोप येतो. फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणारा ग्राहक तिथेच थबकतो.

मग ज्याने पैसे घेतले तोच माणूस वस्तू न्यायला आल्यावर पैसे परत का देत नाही? प्रश्न रास्त आहे. पण बहुतेक वेळा माल देणारा आणि परत न्यायला येणारा हे दोन वेगळे लोक असतात, आणि दोघेही विक्रेत्याचे नोकर नसतात. ते कुरिअर कंपनीसाठी काम करतात. दिवसभरात जमलेली रोकड डिलिव्हरी बॉयने संध्याकाळी हबवर जमा करायची असते. तिथे पार्सलांचा आणि पैशांचा ताळा बसतो. मग रोकड बँकेत भरली जाते आणि कुरिअर कंपनी ठरलेल्या दिवशी विक्रेत्याच्या खात्यात एकत्रित रक्कम टाकते. लहान विक्रेत्यांच्या बाबतीत हा हिशेब साधारण आठवड्याने होतो, कधी त्याहूनही उशिरा. माल परत न्यायला आलेल्याच्या खिशात त्या ग्राहकाचे पैसे नसतात, आणि वस्तू तपासून ‘परतावा मंजूर’ म्हणण्याचा अधिकारही त्याला नसतो.

दारात पैसे देऊन माल घ्यायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. टपाल खात्याची व्ही.पी.पी. १८७७ साली सुरू झाली, आणि पुस्तके, औषधे, बियाणे तिच्यावर मागवणारी घरे महाराष्ट्रात कमी नव्हती. पोस्टमन पैसे घेई आणि ते मनीऑर्डरने विक्रेत्याला पोचत. पण पाकिटात निघालेली वस्तू पसंत पडली नाही, तर ग्राहक आणि विक्रेता यांनी आपसात पाहून घ्यायचे; परताव्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हतीच. २०१० मध्ये फ्लिपकार्टने कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केली, तिच्या जोडीला माल परत करण्याची सवलतही रुजत गेली, आणि रोख जाणारा पैसा उलटा आणायचा कसा हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

तो कसा येतो हे एका उदाहरणाने पाहू. समजा, बार्शीतल्या एका बाईंनी एका लहान ब्रँडच्या संकेतस्थळावरून १,२९९ रुपयांचा कुर्ता मागवला. सोमवारी पार्सल आले, पैसे दिले. कुर्ता घट्ट होतो म्हणून मंगळवारी परत करण्याची विनंती केली आणि गुरुवारी माणूस येऊन पाकीट घेऊन गेला. बाईंच्या लेखी व्यवहार तिथे संपला. खरे म्हणजे तो तिथे सुरू होतो. पाकीट भिवंडीच्या गोदामात पोचायला चार-पाच दिवस लागतात. तिथे कुर्ता तोच आहे का, वापरलेला किंवा धुतलेला नाही ना, चिठ्ठी लागलेली आहे ना, हे पाहिले जाते. सणासुदीच्या विक्रीनंतर परत आलेली पाकिटे गोदामात थप्पीने पडून असतात, आणि ‘पाकीट मिळाले’ व ‘तपासणी झाली’ या दोन नोंदींमध्ये दिवस जातात. तपासणी झाल्याशिवाय परताव्याची नोंद होत नाही. कंपनीच्या ‘पाच ते सात दिवसांत परतावा’ या वाक्यातले दिवस कधीपासून मोजायचे, हे म्हणूनच नीट वाचावे. पुष्कळदा ते पाकीट उचलल्यापासून नव्हे, तपासणीपासून मोजलेले असतात.

त्यातून लहान विक्रेत्याची आणखी एक अडचण असते, जी तो ग्राहकाला सांगत नाही. बाईंनी दिलेले १,२९९ रुपये कुरिअर कंपनीकडून त्याच्या खात्यात अजून आलेच नसतील. गाठीला भांडवल असलेला विक्रेता स्वतःच्या पैशातून परतावा देऊन टाकतो. ज्याचा धंदा हातातोंडाशी गाठ असा चालतो, तो पुढच्या हिशेबाची वाट पाहतो आणि ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे कळवत राहतो.

यानंतर बँकेचा तपशील लागतो आणि खरी गफलत इथेच होते. पैसे पाठवायला तीन गोष्टी पुरतात: खातेदाराचे नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी. काही कंपन्या त्याऐवजी यूपीआय आयडी घेतात. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या जागी नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. त्या शून्याच्या जागी इंग्रजी O टाइप करणारे कितीतरी जण आहेत. बार्शीच्या बाईंनी जुन्या पासबुकावरून तपशील उतरवला. खाते मूळचे देना बँकेचे, म्हणून कोड BKDN ने सुरू होणारा. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि १ मार्च २०२१ पासून तिचे जुने कोड बंद झाले. आता कोड BARB ने सुरू होतो आणि खाते क्रमांकही नवा आहे. कपाटातले पासबुक मात्र जुनेच राहिले. सिंडिकेट, कॉर्पोरेशन, आंध्र, अलाहाबाद या बँकांच्या जुन्या खातेदारांनाही हाच अनुभव येऊ शकतो.

कोड बाद झालेला असेल, तर विक्रेत्याची बँक व्यवहार दारातच अडवते. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. कोड बरोबर आणि खाते क्रमांक अस्तित्वातच नसलेला असेल, तर पैसे समोरच्या बँकेपर्यंत जातात आणि परत फिरतात. एनईएफटीत जमा न झालेली रक्कम संबंधित हप्त्यानंतर दोन तासांत परत पाठवण्याचे बंधन बँकेवर आहे. म्हणजे बँका इथे फार वेळ घेत नाहीत. वेळ जातो तो विक्रेत्याच्या कार्यालयात. परत आलेले १,२९९ रुपये त्याच्या खात्यात इतर जमा रकमांत मिसळून जातात. ते कोणाचे हे शोधून ग्राहकाला ‘तपशील पुन्हा द्या’ असे कोणीतरी कळवावे लागते, आणि तोवर ग्राहकाच्या पडद्यावर ‘परतावा पूर्ण’ असे हिरव्या अक्षरांत झळकत असते.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. क्रमांकातला एक आकडा चुकला आणि त्या क्रमांकाचे खाते दुसऱ्या कोणाचे निघाले, तर पैसे त्या माणसाला जातात. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावर जमा होते. नाव जुळते का हे बँक पाहत नाही. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दिसावे, ही सोय रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करायला सांगितली. एकेक व्यवहार करणाऱ्याला ती उपयोगी आहे, पण शेकडो परताव्यांची यादी एकदम बँकेत चढवणारा हिशेबनीस प्रत्येक नाव थोडाच बघत बसणार? मोठ्या कंपन्या म्हणून आधी एक रुपया पाठवून नाव जुळवून घेतात. परताव्याआधी खात्यात अवचित एक रुपया आला, तर दचकायचे कारण नाही.

आकडा नेहमी ग्राहकच चुकवतो असेही नाही. ही यादी बहुधा एक्सेलमध्ये तयार होते, आणि एक्सेल संख्येचे पंधराच आकडे धरून ठेवते. पंजाब नॅशनल बँकेसारखा सोळा आकडी खाते क्रमांक त्यात साधी संख्या म्हणून टाकला, तर शेवटचा आकडा निमूटपणे शून्य होतो. क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्यही असेच गळते. ग्राहक शपथेवर सांगतो की क्रमांक बरोबर दिला होता, विक्रेता शपथेवर सांगतो की तोच टाकला, आणि दोघेही खरे बोलत असतात.

पैसे कुठे अडलेत हे ओळखायला एकच प्रश्न विचारावा: यूटीआर क्रमांक काय? एनईएफटीने पाठवलेल्या रकमेला सोळा अक्षर-अंकांचा असा क्रमांक मिळतो. आयएमपीएस किंवा यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा आकडी असतो. विक्रेता तो देत नसेल, तर ‘परतावा पाठवला’ याचा अर्थ त्याच्या संगणकात नोंद झाली एवढाच, पैसे निघालेले नाहीत. क्रमांक मिळाला, तर तो घेऊन आपल्या शाखेत जावे. रक्कम आली की परत गेली, हे तिथे कळते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते आणि दर अर्ध्या तासाला तिचा हप्ता सुटतो. तेव्हा एकदा पैसे निघाल्यावर ‘बँकेला सुट्टी होती’ ही सबब लंगडी आहे.

दारात रोखीऐवजी क्यूआर कोडवर पैसे दिले असतील, तर तो कोड कंपनीचा होता की डिलिव्हरी बॉयचा स्वतःचा, हे महत्त्वाचे ठरते. कंपनीचा असेल तर पैशाचा माग राहतो. ‘सुटे नाहीत, माझ्या नंबरवर टाका’ असे म्हणणाऱ्याला दिलेले पैसे कंपनीच्या वहीत रोखच दिसतात, आणि परताव्याला पुन्हा खाते क्रमांक द्यावा लागतो.

तपशील देताना भीती कशाची बाळगायची, हेही यावरून स्पष्ट होते. खाते क्रमांक आणि आयएफएससी प्रत्येक चेकवर छापलेले असतात. तेवढ्यावर कोणी खात्यातून पैसे काढून नेऊ शकत नाही. पैसे येण्यासाठी ओटीपी, यूपीआय पिन, कार्डाच्या मागचा सीव्हीव्ही यांतले काहीच लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे अ‍ॅपही घ्यावे लागत नाही. गूगलवर सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकावर फोन केला आणि पलीकडच्याने यांतले काहीही मागितले, तर तो परतावा देणारा नव्हे. तपशील कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा ऑर्डरच्या पानावर स्वतः भरावा. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

काही विक्रेते बँकेचा घोळच नको म्हणून ‘त्याच रकमेचे कूपन घ्या’ असे सुचवतात. ते लगेच मिळते, म्हणून मोहात पाडते. पण फक्त त्याच दुकानात चालणारी अशी शिल्लक पुन्हा रोख करून मिळत नाही, आणि तिला मुदतही असू शकते. ज्याला तिथे पुन्हा काही घ्यायचे आहे त्याने खुशाल घ्यावे.

विक्रेता दाद देत नसेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा आधार आहे. मान्य झालेला परतावा वाजवी मुदतीत द्यावा, असे ते सांगतात. मात्र दिवसांचा ठराविक आकडा त्यात नाही. तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क पडत नाही. सोबत ऑर्डरचा क्रमांक, पाकीट परत नेल्याची पावती किंवा संदेश, भरलेल्या बँक तपशिलाचे छायाचित्र आणि बँकेचा उतारा जोडावा. यूटीआर मागितल्याचा आणि तो न मिळाल्याचा लेखी पुरावा असेल, तर पैसे निघालेच नव्हते हे दाखवायला तोही उपयोगी पडतो.