मूळ फोटोला हात न लावता

फोनवर काढलेल्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोची फाइल साधारण तीन-चार एमबीची असते. पण हा आकडा फसवा आहे. जेपेग फाइल म्हणजे दाबून बसवलेला फोटो. त्याचा आकार बदलायचा, तर सर्व्हरला तो आधी उलगडावा लागतो. ४००० बाय ३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल आणि प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट: झाले ३६ एमबी. कुणी लग्नाचे चाळीस फोटो एकदम चढवले आणि सगळे एकाच वेळी उलगडायला घेतले, तर जवळपास दीड जीबी मेमरी लागते. छोटा सर्व्हर तिथेच मान टाकतो.

म्हणून अपलोड घेणारा प्रोग्राम फोटोवर काहीच करत नाही. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवतो, कामाची नोंद रांगेत टाकतो आणि ‘फोटो मिळाला’ असं सांगून मोकळा होतो. पुढचं काम मागे चालणाऱ्या वर्करचं. तो रांगेतून एकेक फोटो उचलतो. लघुचित्र ३०० पिक्सेल रुंदीचं हवं असेल, तर चांगल्या लायब्ररीला सगळा फोटो उलगडावाही लागत नाही. जेपेग आठ बाय आठच्या चौकोनांत साठवलेला असतो, त्यामुळे तो थेट एक-अष्टमांश मापात, म्हणजे ५०० बाय ३७५ असा उघडता येतो. ३६ एमबीचं काम अर्ध्या-पाऊण एमबीत भागतं!

वर्कर मध्येच बंद पडला तर? काम पुन्हा रांगेत येतं. अर्धवट लिहिलेली फाइल मात्र पानावर दिसू नये, म्हणून नवी प्रत आधी तात्पुरत्या नावाने लिहितात आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव देतात.

मूळ फाइल जपण्याचं कारण साधं आहे: लहान केलेल्या फोटोतून गेलेला तपशील परत येत नाही, आणि जेपेग पुन्हा पुन्हा दाबला की दरवेळी थोडा आणखी बिघडतो. २०१९ साली आलेल्या वर्डप्रेस ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या जेपेग फोटोची ‘-scaled’ नावाची वेगळी प्रत बनते, मूळ फोटो बाजूला राहतो. उद्या संकेतस्थळाची रचना बदलली, मापं बदलली, तरी सगळ्या प्रती मुळातून नव्याने काढता येतात.

सगळ्यात नेहमीची फजिती आडव्या पडलेल्या माणसांची. उभा धरलेला फोन बऱ्याचदा पिक्सेल आडवेच साठवतो आणि ‘दाखवताना फिरवा’ एवढी खूण एक्झिफ माहितीत लिहितो. वर्करने न फिरवताच ती माहिती पुसली, की मूळ फोटो सरळ दिसतो आणि लघुचित्र आडवं. तेव्हा आधी फिरवायचं, मग पुसायचं. पुसायचं मात्र नक्की, कारण त्याच माहितीत फोटो काढलेल्या जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. मूळ फाइलमध्ये ते तसेच राहतात, म्हणून तिचा दुवा सगळ्यांसाठी उघडा ठेवत नाहीत.