तीस जण, साठ डोळे

ग्रुप फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे हवे असतील, तर किती फोटो काढावेत? हा प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी गांभीर्याने घेतला आणि गणिताने सोडवला. २००६ साली त्यांना त्याबद्दल गणिताचे ‘इग नोबेल’ मिळाले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी हा पुरस्कार असतो.

त्यांचा हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्यासमोर उभा असलेला माणूस मिनिटाला साधारण दहा वेळा पापण्या मिटतो आणि प्रत्येक वेळी सुमारे पाव सेकंद त्यातच जातो. म्हणजे कुठलाही एक क्षण निवडला, तर एका माणसाचे डोळे मिटलेले असण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास येते. एकट्याच्या फोटोत ही शक्यता नगण्य वाटते. पण लग्नाच्या स्टेजवर दोन्हीकडचे मिळून तीस जण उभे केले, की तिसांचेही डोळे त्याच क्षणी उघडे असावे लागतात आणि शक्यतांचा गुणाकार होतो. उत्तर येते अवघे २८ टक्के. दहापैकी सात फोटोंत कुणी ना कुणी डोळे मिटलेले असणार. एक तरी फोटो निर्दोष मिळेल याची ९९ टक्के खात्री हवी असेल, तर पंधरा फोटो काढावे लागतात. विसापर्यंतच्या घोळक्यासाठी या जोडीने एक ठोकताळाही दिला होता: उजेड चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी असेल तर दोनने, आणि तितके फोटो काढा.

आता अट बदलून पाहू. सगळ्यांचे डोळे एकाच फोटोत उघडे नसले तरी चालतील, पण प्रत्येकाचे डोळे काढलेल्या फोटोंपैकी कुठल्या ना कुठल्या एकात तरी उघडे हवेत. मग ज्याचे मिटले त्याचा चेहरा दुसऱ्या फोटोतून उचलून लावता येतो. तीस जणांचे दोनच फोटो काढले, तरी प्रत्येकाचा एक तरी चांगला चेहरा हाती असण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या घरात जाते. चार फोटोंत काम फसण्याची शक्यता दहा हजारांत एकाच्या आसपास उरते. चेहरे न बदलता त्याच चार फोटोंवर भिस्त ठेवली असती, तर यशाची शक्यता होती ७३ टक्के. चेहरा बदलण्याच्या युक्तीची सारी ताकद या फरकात आहे.

मात्र या हिशेबात एक गृहीतक दडलेले आहे: प्रत्येक फोटो स्वतंत्र असला पाहिजे. फोनच्या बर्स्टमध्ये तो तसा नसतो. सेकंदाला दहा फ्रेम निघत असतील, तर पाव सेकंदाची एक मिटलेली पापणी सलग दोन-तीन फ्रेममध्ये सापडते. सेकंदाला तीस निघत असतील, तर सात-आठ फ्रेममध्ये. मिटलेल्या डोळ्यांच्या शेजारची फ्रेम म्हणूनच फारशी कामाची नसते. निदान अर्धा सेकंद पुढची किंवा मागची फ्रेम शोधावी लागते. आणि तितक्या वेळात मान वळते, ओठ हलतात, मागचा मुलगा पुढे झुकतो. फ्रेम जवळची घ्यावी तर डोळे मिटलेलेच, लांबची घ्यावी तर चेहरा जागेवरून सरकलेला. पुढचे सगळे तंत्र याच कात्रीतून वाट काढण्यासाठी आहे.

पहिले काम म्हणजे मिटलेला डोळा ओळखणे. सॉफ्टवेअर चेहरा शोधते आणि डोळ्याभोवती काही बिंदू बसवते: दोन्ही कोपऱ्यांवर एकेक, वरच्या पापणीवर दोन, खालच्या पापणीवर दोन. पापण्यांमधल्या उभ्या अंतराला डोळ्याच्या रुंदीने भागले, की डोळा किती उघडा आहे याचा आकडा मिळतो. पापणी मिटली, की हा आकडा शून्याकडे घसरतो. घोळ होतो तो सगळ्यांना एकच मर्यादा लावली की. खळखळून हसणाऱ्या माणसाचे डोळे बारीक होतात, खाली पाहणाऱ्याची पापणी उतरलेली दिसते आणि काहींचे डोळे मुळातच अरुंद असतात. पापणी मिटल्याचा इशारा देणारे काही कॅमेरे पूर्व आशियाई चेहऱ्यांवर उगाचच तो इशारा देत, अशी तक्रार २०१० च्या सुमारास बरीच गाजली होती. त्यापेक्षा त्या माणसाच्या आकड्याची तुलना त्याच्याच इतर फ्रेममधल्या आकड्यांशी करणे अधिक शहाणपणाचे. बर्स्टमध्ये ती सोय आपसूकच असते.

दुसरे काम जुळवणीचे. फोटो काढणाऱ्याचा हात किंचित हललेला असतो, म्हणून भिंतीचे कोपरे, तोरण, खांब अशा स्थिर खुणा धरून सगळ्या फ्रेम आधी एकमेकींवर बसवतात. मग उसना चेहरा थोडा सरकवून, थोडा फिरवून, गरज पडल्यास किंचित लहान-मोठा करून मूळ फ्रेममधल्या डोक्यावर बसवतात. मान पाच-सहा अंश तिरपी झाली असेल तर हे जमते. चेहरा समोरून बाजूला वळला असेल तर जमत नाही, कारण तेव्हा नाकाची दुसरी बाजू आणि दुसरा कान दिसू लागतो. चित्र सपाटपणे फिरवून ती उणीव भरून निघत नाही.

तिसरे काम सर्वांत चतुराईचे: कापायचे कुठे? चेहऱ्याभोवती लंबगोल कापून चिकटवला तर गालावर रेघ उमटते. यावर २००४ साली वॉशिंग्टन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या असीम अगरवाला व सहकाऱ्यांनी संगणक-चित्रणाच्या ‘सिग्राफ’ परिषदेत एक सुंदर पद्धत मांडली. वापरणाऱ्याने प्रत्येक फोटोतल्या आवडलेल्या चेहऱ्यावर ब्रशने एक फराटा ओढायचा, बाकीचे संगणक पाहतो. दोन्ही फ्रेम एकमेकींवर ठेवल्या, की काही ठिकाणी त्यांचे रंग जवळजवळ सारखे असतात आणि काही ठिकाणी अगदी वेगळे. सांधा जिथून जाईल तिथल्या प्रत्येक पिक्सेलला, दोन फ्रेममधला फरक जितका मोठा तितका दंड लागतो. ज्या मार्गाचा एकूण दंड सर्वांत कमी, तो मार्ग संगणक निवडतो. यासाठी ‘ग्राफ कट’ नावाची गणिती रीत वापरली जाते. असा मार्ग सहसा गालावरून जात नाही. तो केसांच्या काळ्या भागातून, मागच्या साध्या पडद्यावरून, कधी सदऱ्याच्या कॉलरच्या कडेने जातो, कारण तिथे दोन्ही फ्रेम एकमेकींशी सहमत असतात.

तरी उजेडाचा फरक उरतोच. एका फ्रेमच्या वेळी ढग आला किंवा कॅमेऱ्याने एक्स्पोजर बदलले, तर उसना चेहरा शेजारच्या मानेपेक्षा उजळ दिसतो. इथे २००३ सालचे पॅट्रिक पेरेझ, मिशेल गांगने आणि अँड्र्यू ब्लेक यांचे तंत्र उपयोगी पडते. चेहऱ्याचे प्रत्यक्ष रंग घ्यायचेच नाहीत. एका पिक्सेलहून शेजारच्या पिक्सेलकडे जाताना रंग किती बदलतो, तेवढाच फरक घ्यायचा, सांध्यावरचे रंग मूळ फ्रेममधले ठेवायचे आणि मधले सगळे रंग समीकरण सोडवून पुन्हा काढायचे. कसबी रफूगार कापडाच्याच कडेचा धागा आत ओढत नेतो, तसा भोवतालचा रंग चेहऱ्यात मुरत जातो. नाक, डोळे, सुरकुत्या तशाच राहतात, फक्त उजेड भोवतालाशी जुळतो. पण सांधा दोन भडक रंगांच्या सीमेवरून गेला, तर हेच तंत्र उलटते. शेजारच्या शालूचा लाल रंग हनुवटीत पाझरलेला दिसतो.

या कल्पना प्रयोगशाळेतून खिशात यायला काही वर्षे लागली. स्वीडनच्या स्कालाडो कंपनीने २०११ मध्ये ‘रिवाइंड’ दाखवले. २०१३ च्या ब्लॅकबेरी १० मध्ये चेहऱ्यावर बोट ठेवून त्याचा काळ मागे-पुढे करता येत असे. २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ सोबत ‘बेस्ट टेक’ आणले. त्यात जवळजवळच्या वेळी काढलेल्या फोटोंतून प्रत्येकाचा चेहरा निवडता येतो.

बदललेला चेहरा ओळखायचा असेल, तर चेहऱ्याकडे नव्हे, त्याच्या कडांकडे पाहावे. चष्म्याची काडी कानाजवळ तुटलेली दिसते का? गळ्यातली साखळी किंवा मुंडावळ्यांची लड मध्येच किंचित बाजूला सरकली आहे का? एकाच चेहऱ्याचा पोत शेजाऱ्यांपेक्षा गुळगुळीत किंवा दाणेदार आहे का? सगळ्यांच्या बुबुळांत फ्लॅशचा पांढरा ठिपका आहे आणि एकाच्याच नाही, असे तर नाही ना? मागे आरसा किंवा काचेचे कपाट असेल, तर प्रतिबिंबही तपासावे. सॉफ्टवेअरने चेहरा बदललेला असतो, प्रतिबिंब बहुधा तसेच राहते. सर्वांत अवघड जागा म्हणजे चेहऱ्यासमोर काही असणे: खांद्यावरून आलेला हात, डोक्यावर पडणाऱ्या अक्षता, गालाला लागलेली लहान मुलाची मूठ. तिथे सांध्याला बिनदंडाचा मार्गच सापडत नाही.

असा फोटो खोटा म्हणायचा का? त्यातला प्रत्येक चेहरा खरा आहे, पण ते सगळे मिळून जो क्षण दाखवतात तो कधी घडलेला नाही. घरच्या अल्बमसाठी याने काही बिघडत नाही. बातमीच्या छायाचित्रात मात्र वृत्तसंस्था अशी जोडणी चालवून घेत नाहीत. २०२४ मध्ये गूगलने जाहीर केले, की ‘बेस्ट टेक’ने जोडलेल्या फोटोंच्या माहितीत हे चित्र अनेक फोटोंतून बनल्याची नोंद राहील.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. प्रत्येक घरात एक काका असतात, ज्यांचे डोळे दर फोटोत मिटलेलेच. हा योगायोग नसू शकतो. अनेक कॅमेरे मुख्य फ्लॅशच्या आधी उजेड मोजण्यासाठी एक छोटा फ्लॅश मारतात. ज्यांची पापणी चटकन मिटते, त्यांचे डोळे त्या छोट्या फ्लॅशने बंद होतात आणि मुख्य फ्लॅशला नेमके बंदच सापडतात. अशा माणसाचा चांगला चेहरा दहा फ्रेममध्येही मिळत नाही, कारण इथे पापणी शक्यतेच्या नियमाने चालत नाही. त्यासाठी फ्लॅश बंद करून मंडळींना उजेडाकडे तोंड करून उभे करावे. बाकीच्यांसाठी बटण दाबून धरण्यापेक्षा एक-एक सेकंद थांबत चार वेळा दाबावे आणि तेवढा वेळ कुणी जागा सोडू नये, एवढे आधीच सांगून ठेवावे. चारही फोटो एकमेकांपासून स्वतंत्र होतात, माना फारशा हलत नाहीत, आणि सॉफ्टवेअरला दुरुस्त करायला उरते ते थोडेच.