पाच घरांचा पुलाव आणि पोळ्या कुणाकडेच नाहीत

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कोजागिरीला प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा’ असा निरोप पडला की पुढे काय होणार हे ठरलेलंच असतं. पहिल्या तासात पावभाजी, पुलाव, छोले आणि गुलाबजाम यांची नोंद होते. हे पदार्थ मोठ्या पातेल्यात होतात, गच्चीवर नेताना बिघडत नाहीत आणि मुलं खातात, म्हणून तेच सगळ्यांना आधी सुचतात. मग त्यावर अंगठे, फुलं आणि ‘वा, मस्त’ यांचा पाऊस पडतो आणि मूळ नोंदी वर सरकून जातात. रात्री ऑफिसातून आलेला माणूस एवढं मागे जाऊन वाचत नाही. तोही पुलावच सांगतो.

यावर यादी कॉपी करून शेवटी आपलं नाव जोडण्याची पद्धत आहे. पण दोन घरांनी एकाच वेळी कॉपी केली तर दुसऱ्याच्या यादीत पहिल्याचं नाव नसतं आणि पुढे सगळे तीच यादी वापरतात. ग्रुपवरच्या पोलचाही इथे फारसा उपयोग नाही. त्यात बारापेक्षा जास्त पर्याय बसत नाहीत आणि एका पर्यायावर दोनच घरं हवीत, अशी मर्यादा घालता येत नाही. त्यापेक्षा यादी एकाच व्यक्तीच्या हातात ठेवावी. बाकीच्यांनी तिला कळवायचं, तिने लिहायचं आणि रोज रात्री ताजी यादी टाकायची. लिफ्टशेजारच्या फलकावरचा कागदही चालतो. ज्येष्ठ मंडळींना तोच जास्त सोयीचा पडतो.

मात्र या व्यक्तीने ‘तुम्ही काय आणणार?’ असं विचारूच नये. आधी रकाने आखावेत आणि ‘यातलं कुठलं घेता?’ असं विचारावं. चोवीस घरं आणि साधारण सत्तर माणसं धरू. भाताला तीन घरं, आमटी-कढीसारख्या पातळ पदार्थांना तीन, भाज्या-उसळींना पाच, कोशिंबीर-चटणीला तीन, वड्या-भजी अशा तळणाला तीन आणि गोडाला दोन. दोन घरांकडे मसाला दूध. उरलेल्या तीन घरांकडे ताटं-वाट्या, पाणी आणि आवराआवर. ज्यांना स्वयंपाकाला वेळ नाही किंवा हौस नाही, त्यांना हे शेवटचे रकाने मोठा आधार असतात.

पोळ्यांना मी मुद्दाम रकाना ठेवलेला नाही. माणशी दोन म्हटलं तरी एकशे चाळीस पोळ्या होतात आणि त्या कुणाही एका-दोघींच्या गळ्यात घालणं अन्यायाचं आहे. वर्गणी काढून त्या पोळी-भाजी केंद्रातून मागवाव्यात.

प्रमाणही माणसांच्या हिशेबात सांगू नये. ‘दहा जणांपुरतं’ म्हटलं की कमी पडलं तर नाचक्की होईल, या भीतीने घरोघरी वीस जणांचं शिजतं. त्याऐवजी भांड्याचं माप द्यावं. भाजी दोन लिटरच्या डब्यात मावेल एवढी, भात पाऊण किलो तांदळाचा. पाच घरांची भाजी मिळून सुमारे दहा किलो होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन भाज्या चवीपुरत्या येतात.

एवढं करूनही ताटात तोचतोचपणा येऊ शकतो, कारण पदार्थांची नावं वेगळी असली तरी जिन्नस तोच असतो. बटाट्याची भाजी, बटाटेवडा आणि पावभाजी कागदावर तीन पदार्थ, पोटात मात्र बटाटाच. म्हणून यादीत पदार्थाच्या नावापुढे ‘मुख्य जिन्नस’ असा आणखी एक रकाना हवा, आणि त्यातच कांदा, लसूण, दाणे, दूध, गहू यांपैकी काय पडणार आहे तेही लिहायचं. हा रकाना भरला की पथ्याचा निम्मा प्रश्न सुटतो.

उरलेल्या निम्म्यासाठी पथ्यं आधी विचारावी लागतात, तीही ग्रुपवर नाही, घरोघरी. आपला मधुमेह किंवा मुलाची अ‍ॅलर्जी चारचौघांत सांगायला लोक कचरतात. समजा, चौकशीत असं कळलं की दोन जैन घरं आहेत, एका मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे आणि एका गृहस्थांना गहू वर्ज्य आहे.

जैन घरांच्या बाबतीत ‘कांदा-लसूण नको’ एवढ्यावर थांबू नये. बटाटा, गाजर, मुळा, रताळं ही कंदमुळंही नकोत. आलं नको, पण सुंठ चालते. ओली हळद नको, पण हळदपूड चालते. कोजागिरी चातुर्मासात येते आणि त्या काळात अनेक घरांत पालेभाज्याही बंद असतात, म्हणजे कोथिंबीर वडी बाद. घरागणिक नियम थोडे बदलतात, म्हणून विचारलेलं बरं. पण सर्वांत मोठी अडचण वेळेची असते. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांना रात्री आठच्या पंगतीचा काय उपयोग? ऑक्टोबरच्या मध्याला आपल्याकडे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा चार पदार्थ साडेपाचला तयार हवेत. तेही जैन घरांनीच करायचे ठरलं, तर ती माणसं आपलाच डबा गच्चीवर आणून खाणार. चिंच-गुळाची आमटी, आल्याशिवायची कढी, साधा भात, कच्च्या केळ्याची भाजी हे इतर घरांतही सहज होतं. आपल्या हातचं चालेल का, एवढं मात्र आधी विचारावं.

शेंगदाण्याचं संकट आपल्या स्वयंपाकात फार लपून बसतं. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, आमटीत कूट, आणि कित्येक घरांत तळणही शेंगदाणा तेलात. पदार्थ बिनदाण्याचा असला तरी दाण्याच्या चटणीतला चमचा चुकून कोशिंबिरीत गेला की सगळी खबरदारी वाया जाते. गर्दीत हे हमखास होतं. यावर उपाय म्हणजे बिनदाण्याचे पदार्थ वेगळ्या टेबलावर ठेवायचे आणि त्या मुलीचं ताट सगळ्यांच्या आधी वाढून घ्यायचं. तिच्या आईने तेल आणि जिन्नस स्वतः विचारून घेतलेले बरे. मसाला दुधातला सुकामेवाही तिला चालतो का, हे घरूनच कळेल.

गव्हाच्या पथ्यात माणसं पोळीपुरता विचार करतात आणि हिंग विसरतात. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो आणि आपली फोडणी हिंगाशिवाय होत नाही. डबीवर घटक छापलेले असतात. ते वाचून, तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळाला तर तो वापरावा, नाहीतर त्या दिवशी फोडणी जिऱ्यावर भागवावी.

दुधाचं काम एकहाती ठेवावं. प्रत्येक घराने लिटरभर आणून एकाच पातेल्यात ओतायची पद्धत दिसते, पण एकाचं दूध किंचित आंबलेलं असलं तरी तापवताना सगळं नासतं. सत्तर जणांना माणशी दीडशे मिलिलिटर म्हणजे साडेदहा लिटर. आटवून तेवढं उरायला तेरा-चौदा लिटर घ्यावं लागतं. साखर घालण्याआधी दोन लिटर बाजूला काढलं की मधुमेहींची सोय होते.

पदार्थ वर आले की प्रत्येकापुढे चिठ्ठी लावायची: नाव, फ्लॅट नंबर, आत काय आहे. फ्लॅट नंबर असला की कुणालाही थेट विचारता येतं. डब्यांच्या झाकणांवरही हा नंबर चिकटपट्टीने लावून घ्यावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ‘हे झाकण कुणाचं?’ असे फोटो येत नाहीत. आणि दुपारी शिजवून ठेवलेला भात, दह्यातले पदार्थ ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर राहू देऊ नयेत. कोशिंबिरीत दही वाढायच्या वेळीच घालावं. उशिरा येणाऱ्यांसाठी काढून ठेवायचं असेल ते टेबलावर नाही, जवळच्या घराच्या फ्रिजमध्ये.