तक्रारीच्या उत्तरात ‘करण्यात येईल’ कशाला?

मैत्रिणींनो, आपल्या गटांचं आगळ, आंबापोळी, फणसाचे पापड आता नुसते सरस प्रदर्शनात विकले जात नाहीत. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते आणि तक्रारही तिथेच येते. गिऱ्हाईक समोर उभं असतं तर आपण पटकन म्हटलं असतं, “अगोबाई, गळली का? थांबा, दुसरी देते.” पण तेच लिहायचं म्हटलं की आपण एकदम सरकारी होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा पुण्याहून मंगळवारी मेसेज आला: “आगळाच्या अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या मागवल्या, त्यातल्या दोन गळल्या. खोका भिजलाय. रविवारी घरी पंचवीस माणसं जेवायला आहेत, सोलकढी करायची होती.” सोबत फोटो. त्यावर गटाकडून असं उत्तर जातं:

“आदरणीय ग्राहक, आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली असून लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. कृपया सहकार्य करावे. क्षमस्व. धन्यवाद.”

यात एकही उद्धट शब्द नाही. तरी वाचणाऱ्या बाईला राग येतो, कारण तिच्या बाटल्या यात कुठेच नाहीत. रविवार नाही, सोलकढी नाही. हेच उत्तर आंबापोळीच्या तक्रारीलाही चाललं असतं, नाही का?

ही भाषा आपल्याला येते ती इतिवृत्ताच्या वहीतून. “ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला” हे वहीत बरोबरच आहे, कारण तिथे निर्णय एकीचा नसतो, गटाचा असतो. तक्रारीच्या उत्तरात मात्र ‘करण्यात येईल’ म्हटलं की कोण करणार ते लपतं. ‘लवकरात लवकर’ म्हटलं की कधी ते लपतं, आणि ‘योग्य ती कार्यवाही’ म्हटलं की काय करणार तेही लपतं. नुसतं ‘आदरणीय’ काढून ‘ताई’ घातल्याने हे सुधारत नाही. आधी कोण, काय, कधी हे भरायला हवं. मग भाषा आपोआप सैल होते.

आता तेच उत्तर असं लिहून पाहा:

“नमस्कार, मी गटात पॅकिंग बघते. फोटो पाहिले. दोन बाटल्यांची झाकणं सैल राहिलीत, ती चूक आमची. माफ करा. त्या दोन बाटल्या उद्या बुधवारी परत पाठवते, पैसे लागणार नाहीत. पार्सल वेळेत नाही आलं तरी रविवारची काळजी करू नका. पंचवीस माणसांच्या सोलकढीला साधारण दोन बाटल्या पुरतात. बाकीच्या चार बाटल्यांचं सील एकदा बघून घ्या. सील नीट असेल तर बाहेरून पुसून वापरा. एखादीचं तुटलं असेल तर ती वापरू नका, मला लगेच कळवा.”

खाली लिहिणारीने आपलं नाव घालायचं. माफी एकदाच आहे, तीही चूक कोणती ते सांगून. आणि सोलकढीला किती आगळ लागतं ते सांगणं, हे मला सगळ्यात आवडतं. ते फक्त आगळ करणारी बाईच सांगू शकते. आपुलकी म्हणतात ती इथे दिसते, हात जोडलेल्या चार चित्रांत नाही.

‘आपणांस’चं ‘तुम्हाला’ करा, ते पुरेसं आदराचं आहे. ‘ताई’, ‘काकू’ मात्र जपून. नुसत्या आडनावाने ऑर्डर आली असेल तर पलीकडे बाई आहे की बुवा हेच ठाऊक नसतं. तिथे साधं ‘नमस्कार’ बरं. आणि माणूस भडकलेला असताना “अहो ताई, होतं असं कधीकधी” हे तर लिहूच नये. आपल्याला ते घरगुती वाटतं, त्यांना वाटतं आपण उडवून लावतोय.

फुकट माल किंवा पैसे परत द्यायचे तर आधी कोषाध्यक्षांना विचारा. तोवर “गटात विचारून आज संध्याकाळी सातपर्यंत सांगते” एवढंच लिहा आणि सातच्या आत खरंच सांगा. बुरशी आली किंवा खाऊन त्रास झाला अशी तक्रार असेल तर गप्पांचा सूर नको. उरलेलं खाऊ नका हे पहिल्या ओळीत सांगा, बाटलीवरचा बॅच नंबर आणि तारीख मागवा, अध्यक्षांना लगेच फोन करा. दुकानदाराला बिलासोबत जाणारं पत्रही नेहमीच्या औपचारिक भाषेतच असू द्या.

लिहायला सुचत नसेल तर शेजारी बसलेल्या बाईला गिऱ्हाईक समजून उत्तर तोंडी द्या, आणि जे बोललात तेच टाइप करा. फार तर ‘अगोबाई’ तेवढं गाळा. बुधवारी पार्सल दिलं की पावतीचा फोटो त्याच नंबरवर पाठवा, सोबत एकच ओळ: “बाटल्या निघाल्या, या वेळी झाकणं मी स्वतः तपासलीत.”