तोच खो-खो, नवी आखणी

यवतमाळ जिल्ह्यातील लहान गावांच्या शाळांत खेळाच्या तासाला बहुधा खो-खो मांडला जातो. साहित्य लागत नाही आणि नियम मुलांना ठाऊक असतात. परंतु हा खेळ थोडा निरखून पाहिला, तर एक गोष्ट मनाला टोचते. ज्या मुलाला धावण्याचा सराव सर्वांत अधिक हवा, तेच मूल काही क्षणांत बाद होऊन बाहेर बसते. चपळ मूल मात्र मनसोक्त धावते. यात मुलाचा दोष नाही. दोष मांडणीचा आहे, आणि मांडणी बदलता येते.

नियम बदलल्याने खेळ बिघडतो, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. पण पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये खो-खोचे नियम बांधले, त्यानंतर ते अनेकदा बदलले. जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत झालेली पहिली विश्वचषक स्पर्धा तर नऊऐवजी सात खेळाडूंची होती. तज्ज्ञ मंडळींनी जे केले, ते मुलांनी आपल्या अंगणापुरते करण्यास हरकत कसली?

समजा, वर्गात 24 मुले आहेत आणि अंगण साधारण 16 मीटर रुंद व 20 मीटर लांब आहे. प्रमाणित मैदान 27 मीटर लांब व 16 मीटर रुंद असते. ते येथे मावणारच नाही. शिवाय बारा-बारांचे दोन संघ केले, तर एका वेळी पाठलागाचे नऊ आणि पळणारे तीन, अशी बाराच मुले खेळात असतात. उरलेली बारा नुसती पाहत राहतात.

म्हणून पहिला बदल संख्येचा. एकाऐवजी दोन मैदाने करावीत आणि प्रत्येकावर सहा-सहांचे दोन संघ ठेवावेत. पाच मुले आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतील, एक पाठलाग करील आणि समोरचे दोघे पळतील. आता एका वेळी 24 पैकी 16 मुले खेळात असतात. बाहेरच्या चौघांपैकी एकाने वेळ पाहावी, दुसऱ्याने गुण मोजावेत.

दुसरा बदल जागेचा व साहित्याचा. बसणाऱ्यांमध्ये दोन मीटर अंतर ठेवले, की मैदान 14 मीटर लांब होते. रुंदी आठ मीटर पुरते. लाकडी खांबाऐवजी जमिनीवर वर्तुळ आखावे, म्हणजे अरुंद अंगणात कोणी खांबावर आपटत नाही. रेघा चुन्याऐवजी रांगोळीने आखाव्यात. चुना डोळ्यांत गेल्यास इजा होते. पावसाळ्यात काळी माती निसरडी होते. अशा दिवशी फरशीवर खडूने आखून केवळ चालत खेळावे आणि सूर मारण्यास बंदी असावी.

तिसरा बदल नियमाचा, आणि खरी कसोटी येथेच आहे. पकडला गेलेला गडी बाहेर जाणार नाही. पाठलाग करणाऱ्या संघाला एक गुण मिळेल आणि तो गडी वर्तुळाला स्पर्श करून पुन्हा पळू लागेल. प्रत्येक जोडीला पुरती दोन मिनिटे मिळतील. तीन जोड्यांची सहा मिनिटे. दोन्ही संघांचा डाव बारा मिनिटांत आटोपतो.

येथे एक नवी अडचण उभी राहते. सारे जण मंद मुलाच्याच मागे लागतात आणि चपळ जोडीदाराकडे कोणी वळत नाही. पूर्वी ते मूल एकदा बाद होत असे. आता सर्वांसमोर पाच वेळा पकडले जाते. हे दिसताच खेळ थांबवून मुलांनाच विचारावे, "आता काय करू या?" एक उपाय असा: एका गड्याला पकडल्यावर, दुसरा पकडला जाईपर्यंत पहिल्यावर गुण मिळणार नाही. मग पाठलाग आपोआप दोघांत वाटला जातो. मंद मुलाला दम घ्यायला सवड मिळते, पण धावणे सुटत नाही.

मांडणी जमली की नाही, हे गुणांवरून कळते. दोन मिनिटांत एकही गुण झाला नाही, तर मैदानाची रुंदी एक मीटरने कमी करावी, किंवा बसलेल्यांपैकी एकाला कोणत्याही दिशेने वळण्याची मुभा द्यावी. नव्या खो-खोत 'वजीर' हेच करतो. दर दहा सेकंदांना गुण होत असेल, तर रुंदी वाढवावी. मात्र एका डावात एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, तर कोणता उपयोगी पडला, हे व्यापाऱ्याच्या वहीतील दोन सरमिसळ खात्यांप्रमाणे उलगडत नाही.

या खेळालाही एक वही असावी. बदल कोणी सुचविला, कोणता, आणि किती गुण झाले, एवढ्याच तीन नोंदी प्रत्येक डावानंतर मुलांनी लिहाव्यात. आवडलेला नियम पुढच्या आठवड्यात राहील. न जमलेला खोडला जाईल. बाहेर बसणारे मूल जेव्हा स्वतः सुचविलेला नियम इतरांना समजावून सांगू लागते, तेव्हा ते त्या खेळात खऱ्या अर्थाने आलेले असते.