आपलाच निबंध, दुसऱ्यांदा

ब्रिटनमधल्या बहुतेक एमए-एमएस्सी अभ्यासक्रमांना एकूण 180 क्रेडिट असतात आणि त्यांतली साधारण 60 एकट्या डिझर्टेशनची. हिवाळ्यात एखाद्या विषयावर निबंध लिहायचा आणि उन्हाळ्यात त्याच विषयावर डिझर्टेशन करायचं, हा तिथला सरळ रस्ता. अडचण उभी राहते ती जुन्या फाइलमधला मजकूर नव्या फाइलमध्ये चिकटवल्यावर.

समजा, सांगलीची एक विद्यार्थिनी तिथे शिकते आहे. ठिबक सिंचनाच्या अनुदानावर तिने जानेवारीत तीन हजार शब्दांचा निबंध दिला आणि त्यातली सहाशे शब्दांची संदर्भ-चर्चा ऑगस्टमध्ये जशीच्या तशी उचलली. जानेवारीतला निबंध टर्निटिनवरून जमा झाला होता. विद्यापीठाने तशी सोय ठेवली असेल, तर असे निबंध टर्निटिनच्या साठ्यात राहतात. अहवालात ते सहाशे शब्द सलग रंगून येतात आणि स्रोत म्हणून तिच्याच विद्यापीठाचं नाव झळकतं. लिहिणारी तीच असली, तरी आक्षेप चोरीचा नसतोच. ज्या कामाचे गुण एकदा मिळाले, तेच नवं म्हणून पुन्हा दिलं, हा असतो.

अशा वेळी शब्द बदलत बसण्यात अर्थ नाही. ‘खर्च’च्या जागी ‘व्यय’ घातला, तरी वाक्यांची रांग तीच राहते आणि ती परीक्षकाला दिसते. वाचलेली पुस्तकं, टिपणं, मूळ लेख मात्र तिने खुशाल पुन्हा वापरावेत. वाचनावर कुणाची बंदी नाही. जुनी फाइल बंद करून टिपणांवरून नव्याने लिहिलं, की नव्या प्रश्नाला लागेल तेवढंच उरतं.

तिचा स्वतःचा निष्कर्ष हवा असेल, तर तो उघडपणे घ्यावा. निबंधात वाक्य होतं: ‘अनुदानाचा लाभ मोठ्या शेतकऱ्यांकडे झुकतो.’ डिझर्टेशनमध्ये ते असं येईल: ‘लाभ मोठ्या शेतकऱ्यांकडे झुकतो, असं याआधीच्या निबंधात मांडलं होतं (पाटील, 2025). इथे त्याची कारणं मुलाखतींतून तपासली आहेत.’ जुनं काम इथे पायरी झालं. संदर्भसूचीत ते ‘अप्रकाशित निबंध’ म्हणून विभाग आणि विद्यापीठाच्या नावासह जातं. निबंधातला तक्ता घेतला, तर त्याखालीही तशीच नोंद हवी.

पण नोंद केली की सगळं माफ, असंही नाही. जुने उतारे अवतरणचिन्हांत घातले, तरी त्यांना नव्याने गुण मिळत नाहीत, आणि काही विभाग असा पुनर्वापर मुळातच नाकारतात. उलट, डिझर्टेशनच्या प्रस्तावातला मजकूर पुढे वापरायला अनेक ठिकाणी मुभा असते, कारण प्रस्ताव त्याच कामाचा भाग असतो.

भारतात यूजीसीने एप्रिल 2020 मध्ये याबद्दल सूचना काढली. तिचा रोख आधी प्रकाशित झालेल्या लेखनावर आहे. वर्गातल्या असाइनमेंटसाठी विद्यापीठाचं नियमपुस्तक पाहावं लागतं. तिथे स्पष्ट काही नसेल, तर मार्गदर्शकांना जुना निबंध जोडून, कोणता भाग कुठे वापरायचा आहे ते लिहून ईमेल करावा आणि उत्तर जपून ठेवावं.